क्रिप्टिक शब्दकोडे: सूत्रातील व्याख्या आणि शब्दखेळ वेगळे कसे करावेत? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

इंग्रजी वृत्तपत्रांतील साधे शब्दकोडे आरामात सोडवणारे अनेक वाचक त्याच पानावरील क्रिप्टिक कोड्यापाशी अडतात. त्यांचे इंग्रजी कमी पडते म्हणून असे होत नाही. सूत्र, म्हणजे उत्तर सुचवणारी ओळ, कुठे कापायची हे माहीत नसल्यामुळे ते पूर्ण वाक्याचा अर्थ लावत बसतात आणि ते वाक्य नेमके त्यासाठीच फसवे लिहिलेले असते. येथे ॲनाग्रॅम, म्हणजे अक्षरे ढवळून तयार होणारा शब्द, दडलेला शब्द आणि तुकडे जोडून होणारा शॅरेड या तीनच प्रकारांविषयीचे प्रश्न घेतले आहेत, कारण सूत्र कापण्याची सवय या तिघांवर उत्तम लागते. उदाहरणांची सूत्रे या पानासाठीच रचलेली आहेत. अक्षरे मोजावी लागतात, म्हणून ती मूळ रोमन लिपीत स्वतंत्र चौकटीत दिली आहेत.

क्रिप्टिक सूत्रात नेमके काय असते?

दोन गोष्टी असतात: उत्तराची सरळ व्याख्या, आणि त्याच उत्तराकडे अक्षरांच्या मार्गाने नेणारा शब्दखेळ. या दोन भागांना सांधणारा एखादा लहान शब्द मध्ये असू शकतो. कंसातील आकडा उत्तरात किती अक्षरे आहेत ते सांगतो आणि त्या आकड्याच्या बाबतीत कोडेकार कधीही फसवत नाही.

हे नियम पहिल्या दिवसापासून नव्हते. लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये शब्दकोडे १९३० साली सुरू झाले. ‘ऑब्झर्व्हर’मध्ये त्याआधीच, १९२६ पासून, ‘टॉर्केमाडा’ या टोपणनावाने एडवर्ड पॉइस मॅथर्स कोडी रचत होते आणि ती अतिशय अवघड असत. त्यांच्यानंतर १९३९ मध्ये त्या जागी आलेल्या ‘झिमेनीस’ यांनी, म्हणजे डी. एस. मॅकनट यांनी, सूत्राच्या प्रामाणिकपणाची शिस्त घालून दिली. त्या शिस्तीचे सार असे सांगितले जाते की सूत्रात अचूक व्याख्या असावी, शब्दखेळाचा न्याय्य निर्देश असावा आणि या दोहोंखेरीज काहीही नसावे. या शेवटच्या अटीचा सोडवणाऱ्याला सर्वाधिक उपयोग होतो, कारण सूत्रातील प्रत्येक शब्दाला काही ना काही काम नेमून दिलेले आहे असे तो गृहीत धरू शकतो.

व्याख्या सूत्राच्या मधोमध असू शकते का?

नाही. व्याख्या सुरुवातीला असते किंवा शेवटी असते. म्हणून कोणतेही सूत्र हाती घेतल्यावर पहिला शब्द किंवा पहिले शब्द एकत्र धरून ‘ही व्याख्या असेल का?’ असे विचारावे, आणि मग तोच प्रश्न शेवटच्या शब्दांना विचारावा. मधले शब्द उमेदवार म्हणून आपोआप बाद होतात.

इंडिकेटर म्हणजे काय, आणि सूत्र कुठे कापायचे हे तो कसे सांगतो?

इंडिकेटर म्हणजे शेजारच्या शब्दांवर कोणती क्रिया करायची ते सांगणारा शब्द. ‘अक्षरे ढवळा’, ‘आत शोधा’, ‘हे त्याच्यानंतर जोडा’ अशा त्या क्रिया असतात. इंडिकेटर आणि ज्या अक्षरांवर क्रिया करायची ती अक्षरे नेहमी एकमेकांना लागून असतात. त्यामुळे इंडिकेटर सापडला की शब्दखेळ कोणत्या बाजूला आहे ते कळते आणि उरलेल्या टोकाला व्याख्या असते. एक सूत्र पूर्ण उलगडून पाहू.

```
Current master is drunk (6)
```

वरवर वाचले तर सध्याचे मास्तर दारू प्यायले आहेत असा अर्थ निघतो. तो लगेच बाजूला ठेवावा. ‘ड्रंक’ हा शब्द तोल गेल्याचा, म्हणजेच अक्षरांचा क्रम बिघडल्याचा निर्देश असू शकतो, म्हणून ॲनाग्रॅमचा संशय घेऊ. आता मोजणी करू. उत्तर ६ अक्षरांचे आहे, ‘मास्टर’ची रोमन अक्षरे ६ आहेत आणि ‘करंट’ची ७. ‘इज ड्रंक’ हा इंडिकेटर ‘मास्टर’ला लागूनच आहे. म्हणजे छेद ‘करंट’ आणि ‘मास्टर’ यांच्यामध्ये पडतो आणि ‘करंट’ ही व्याख्या ठरते.

येथे खरी फसवणूक उघड होते. वाक्यात ‘करंट’ हे ‘सध्याचा’ या अर्थाचे विशेषण होते. पण मास्तरांपासून तोडल्यावर ते प्रवाह या अर्थाचे नाम होऊ शकते. प्रवाह या अर्थाचा, याच ६ अक्षरांचा शब्द हवा आहे.

```
MASTER -> STREAM
```

याच अक्षरांतून ‘टेमर्स’, म्हणजे प्राणी माणसाळवणारे, हाही शब्द तयार होतो. परंतु तो ‘करंट’चा अर्थ देत नाही. शब्दखेळ काही शक्यता पुढे करतो आणि व्याख्या त्यांतून निवड करते. दोन्ही वाटा एकाच शब्दापाशी मिळाल्या की उत्तर पक्के समजावे.

छेद दुसरीकडे घेतला असता तर काय झाले असते, हेही तपासण्यासारखे आहे. ‘करंट मास्टर’ ही व्याख्या मानली तर ढवळण्यासाठी फक्त ‘इज’ची २ अक्षरे उरतात. ‘ड्रंक’ ही व्याख्या मानली तर उरलेल्या शब्दांत ढवळायला सांगणारा कोणी राहत नाही आणि अक्षरेही फार जास्त होतात. चुकीचा छेद बहुधा असाच, साध्या मोजणीत पकडला जातो.

ॲनाग्रॅमच्या इंडिकेटरांची यादी पाठ करावी का?

माझ्या मते करू नये. अशा याद्या शेकडो शब्दांच्या असतात आणि तरीही अपुऱ्या राहतात. त्याऐवजी शब्द कोणत्या अर्थकुळातला आहे ते पाहावे. मोडणे, बिघडणे, दुरुस्त करणे, नव्याने बांधणे, शिजवणे, नाचणे, झिंगणे, वेड लागणे, विचित्र वाटणे, दंगा होणे: ज्या ज्या गोष्टीत एखाद्या वस्तूची मूळची मांडणी बदलते, तिचा वाचक शब्द ॲनाग्रॅमचा निर्देश करू शकतो. ‘न्यू’, ‘नॉव्हेल’, ‘आउट’, ‘ऑफ’ हे निरुपद्रवी दिसणारे शब्द याच कुळातले आहेत आणि नवख्या माणसाच्या नजरेतून तेच जास्त निसटतात.

अर्थाइतकेच व्याकरणही पाहावे लागते. विशेषण अक्षरांच्या आधी किंवा नंतर येऊ शकते, आज्ञार्थी क्रियापद साधारणपणे आधी येते. पुढील सूत्र पाहा.

```
Doctor notes start (5)
```

वाक्य म्हणून वाचले तर डॉक्टर हे नाम आहे आणि ते काहीतरी नोंदवत आहेत. पण ‘डॉक्टर’ हे इंग्रजीत क्रियापदही आहे, त्याचा एक अर्थ फेरफार करणे असा आहे, आणि आज्ञार्थी घेतल्यास ‘नोट्स या शब्दात फेरफार करा’ अशी सूचना तयार होते. ‘नोट्स’ची अक्षरे बरोबर ५ भरतात, म्हणून ‘स्टार्ट’ ही व्याख्या होते.

```
NOTES -> ONSET
```

‘स्टोन’ आणि ‘टोन्स’ हेही याच अक्षरांतून मिळतात, पण सुरुवात असा अर्थ फक्त ‘ऑनसेट’चा आहे.

मग ‘डॉक्टर’ दिसला की ॲनाग्रॅम समजायचा का?

नाही, आणि ही चूक फार सर्रास होते. कोणताही शब्द जन्मतः इंडिकेटर नसतो. त्या त्या सूत्रात तो ती भूमिका करतो. ‘डॉक्टर’ हा शब्द डी-आर किंवा एम-ओ अशा संक्षेपांसाठीही वापरला जातो.

```
Doctor in the stern produces first version (5)
```

शेजारच्या ‘इन द’ची अक्षरे योगायोगाने ५ भरतात आणि ती ढवळली तर ‘दाइन’ हा जुन्या इंग्रजीतला सर्वनामाचा शब्दही मिळतो. पण मग व्याख्या म्हणून ‘स्टर्न प्रोड्यूसेस फर्स्ट व्हर्जन’ एवढे तुटके शब्द उरतात. त्यांना एकसंध अर्थ नाही आणि ते सर्वनामाची व्याख्या तर मुळीच करत नाहीत. तो छेद सोडून द्यावा. ‘फर्स्ट व्हर्जन’, म्हणजे पहिला मसुदा, ही शेवटची व्याख्या धरली की डॉक्टरचा संक्षेप आणि जहाजाच्या मागच्या भागात असल्याचे सांगणारा ‘आफ्ट’ हा शब्द शेजारी ठेवून उत्तर जुळते.

```
DR + AFT = DRAFT
```

‘ड्रंक’ या शब्दाचेही असेच आहे. वर तो इंडिकेटर होता, येथे पाहा.

```
Drunk from Minnesota (3)
```

‘फ्रॉम’ची अक्षरे ४, ‘मिनेसोटा’ची ९, आणि उत्तर ३ अक्षरांचे. ॲनाग्रॅमचा हिशेबच बसत नाही, म्हणून ‘ड्रंक’ला व्याख्येची जागा देऊन पाहावी. दारुडा या अर्थाचा ‘सॉट’ हा शब्द अमेरिकेतील त्या राज्याच्या नावातच सलग लिहिलेला आहे आणि ‘फ्रॉम’ तो तिथून काढायला सांगतो.

```
minneSOTa
```

अक्षरांची संख्या थोडी कमी पडत असेल तर ॲनाग्रॅमचा विचार सोडून द्यावा का?

एक-दोन अक्षरे कमी पडत असतील तर सोडू नये. अशा वेळी ॲनाग्रॅमला बहुधा एखादा तुकडा जोडलेला असतो.

```
Drunken master, with hesitation, gets party decoration (8)
```

‘मास्टर’ची ६ अक्षरे ढवळून पुन्हा ‘स्ट्रीम’ मिळतो आणि २ अक्षरे उरतात. बोलताना अडखळल्याचा उद्गार इंग्रजीत ‘अर्’ असा लिहितात आणि क्रिप्टिक कोड्यांत ‘हेझिटेशन’ या शब्दाने तो वारंवार सुचवला जातो. ‘विथ’ जोडायला सांगतो आणि ‘गेट्स’ हा शब्दखेळ संपून व्याख्या सुरू होत असल्याचे दाखवतो.

```
STREAM + ER = STREAMER
```

एक मर्यादा मात्र लक्षात ठेवावी. ज्या शब्दाची अक्षरे ढवळायची तो शब्द सूत्रात छापलेला असावा लागतो. आधी समानार्थी शब्द ओळखायचा आणि मग तो ढवळायचा, अशी दुहेरी कसरत न्याय्य मानली जात नाही; फार तर एखादा रूढ संक्षेप मिसळलेला चालतो. त्यामुळे ‘मास्टर’ऐवजी ‘टीचर’ छापून ‘मास्टर’ची अक्षरे ढवळायला कोणी लावणार नाही.

दडलेला शब्द कसा ओळखावा?

या प्रकारात उत्तर सूत्रातच, सरळ क्रमाने छापलेले असते, पण बहुधा दोन किंवा अधिक शब्दांच्या सीमेवर पसरलेले असते. त्याचे इंडिकेटर अंश, आतला भाग, सामावणे, धरून ठेवणे, झलक दिसणे अशा अर्थांचे असतात: ‘सम’, ‘पार्ट ऑफ’, ‘हेल्ड बाय’, आणि सर्वांत लहान व सर्वांत सहज निसटणारा ‘इन’.

```
Warmth in the atmosphere (4)
```

‘इन’नंतरच्या शब्दांमधील मोकळी जागा काढून टाकावी आणि ४ अक्षरांची खिडकी एकेका अक्षराने पुढे सरकवावी.

```
theatmosphere
```

यात ‘हीट’ सापडतो आणि शेवटी ‘हिअर’ही सापडतो. दुसरा दोन कारणांनी बाद होतो. त्याचा ऊब या व्याख्येशी संबंध नाही. शिवाय तो ‘ॲटमॉस्फिअर’ या एकाच शब्दात पूर्ण मावतो, म्हणजे ‘द’ बेकार राहतो. ‘हीट’ मात्र दोन्ही शब्दांमधून काही अक्षरे घेतो. ज्या शब्दांत उत्तर दडवले आहे त्यांतला एकही शब्द निव्वळ भरतीचा नसावा, हा संकेत चांगले कोडेकार पाळतात आणि त्याचा उपयोग उत्तर तपासण्यासाठी करता येतो.

दडलेल्या शब्दाची आणखी एक खूण आहे, आणि ती इंडिकेटरइतकीच कामाची आहे. सूत्रात एखादा अनपेक्षित, जरा ओढूनताणून आणलेला शब्द दिसला तर तो तिथे त्याच्या अक्षरांसाठी आला असण्याची शक्यता मोठी असते.

```
Some help a lacemaker in royal residence (6)
City glimpsed in spun embroidery (4)
```

राजवाड्यात लेस विणणाऱ्या व्यक्तीला काही जण मदत करतात, ही कल्पना अशक्य नसली तरी ‘लेसमेकर’ हा रोजच्या वापरातला शब्द नाही. ‘सम’ने सांगितल्याप्रमाणे त्याच्या आणि ‘हेल्प’च्या सीमा पुसल्या की राजवाडा मिळतो. दुसऱ्या सूत्रात भरतकामाचा उल्लेख असाच आला आहे आणि त्यात दडलेले शहर मराठी वाचकाला मदतीशिवाय दिसेल.

```
helP A LACEmaker
sPUN Embroidery
```

कधी शब्द उलट क्रमाने दडलेला असतो. तेव्हा ‘बॅक’, ‘रिटर्निंग’ यांसारखा मागे फिरवणारा दुसरा इंडिकेटर सोबत असलाच पाहिजे. तो नसेल तर उजवीकडून डावीकडे शोधण्यात वेळ घालवू नये.

शॅरेडला इंडिकेटर असतो का?

बहुतेकदा नसतो. या तिन्हींपैकी शॅरेड सर्वांत अवघड वाटतो तो याच कारणाने. शॅरेडमध्ये उत्तराचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याचा वेगळा अर्थ क्रमाने मांडलेला असतो. तुकडे शेजारी आहेत, एवढीच सूचना.

```
Fellow to leave fruit (5)
```

‘फेलो’ म्हणजे मॅन, ‘टू लीव्ह’ म्हणजे गो, आणि शेवटी व्याख्या म्हणून फळ.

```
MAN + GO = MANGO
```

ढवळण्याचा, दडवण्याचा किंवा मागे फिरवण्याचा कोणताच निर्देश सूत्रात नसेल, सूत्र लहान असेल आणि त्यातले शब्द सुटे सुटे असतील, तर शॅरेडचा प्रयत्न आधी करावा. येथे इंडिकेटर छेद दाखवत नाही, म्हणून छेद आपल्यालाच वेगवेगळ्या ठिकाणी घेऊन पाहावा लागतो. ते काम कसे चालते, ते या सूत्रावर दाखवता येईल.

```
Day before long rainy season (7)
```

वाक्य इतके सरळ आहे की लांबलेल्या पावसाळ्याच्या आदला दिवस डोळ्यांसमोर येतो. व्याख्या पहिल्या टोकाला असेल तर ती ‘डे’ असेल. दुसऱ्या टोकाला असेल तर ‘सीझन’, ‘रेनी सीझन’ किंवा ‘लाँग रेनी सीझन’. ‘रेनी सीझन’ हा जुळलेला शब्दगट आहे, म्हणून त्यापासून सुरुवात करू. मग ‘डे बिफोर लाँग’ एवढा शब्दखेळ उरतो.

‘बिफोर’ क्रम सांगणारा शब्द असू शकतो: दिवस आधी, ‘लाँग’ नंतर. दिवसासाठी मंडेचा संक्षेप ३ अक्षरांचा आहे. ‘लाँग’चा क्रियापद म्हणून अर्थ झुरणे, त्यासाठी ‘पाइन’ हा शब्द ४ अक्षरांचा. बेरीज ७ भरते आणि तरीही हाती येते ते कोणत्याही शब्दकोशात नाही.

```
MON + PINE = MONPINE
```

मोजणी बरोबर आणि शब्द अस्तित्वात नाही, असे झाले की तुकडे पाडण्याची जागा चुकली आहे का ते पाहावे. ‘बिफोर’ आणि ‘लाँग’ हे दोन वेगळे शब्द धरले होते. एकत्र घेतले तर ‘बिफोर लाँग’ म्हणजे लवकरच, अर्थात ‘सून’.

```
MON + SOON = MONSOON
```

कोडेकाराने येथे दोन ठिकाणी सांधे लपवले आहेत. ‘लाँग’ डावीकडच्या शब्दाचा सोबती असताना उजवीकडच्या पावसाळ्याचे विशेषण वाटतो, आणि ‘बिफोर’ तुकड्याचा भाग असताना क्रमदर्शक वाटतो. वाचताना जे दोन शब्द एकमेकांना अगदी चिकटून आलेले वाटतात त्यांच्यामध्येच छेद असण्याची शक्यता मोठी असते, असा माझा अनुभव आहे. म्हणून मी प्रथम तिथेच पेन्सिलीने उभी रेघ मारतो.

‘ऑन’, ‘आफ्टर’, ‘विथ’ यांचा शॅरेडमध्ये काय अर्थ होतो?

हे शॅरेडमध्ये कधीमधी भेटणारे क्रमदर्शक आहेत. ‘आफ्टर’ आणि ‘फॉलोइंग’ क्रम उलटा करतात: सूत्रात आधी आलेला तुकडा उत्तरात नंतर बसतो. ‘विथ’ आणि ‘अँड’ नुसते जोडतात. ‘ऑन’ थोडा विचार मागतो.

```
Favourite on vehicle's floor covering (6)
```

आडव्या शब्दांत ‘अमुक ऑन तमुक’ म्हणजे तमुक आधी आणि त्याला मागून जोडलेले अमुक, असा कडक शिस्तीच्या कोड्यांचा संकेत आहे. म्हणून वाहन आधी आणि लाडका ‘पेट’ नंतर.

```
CAR + PET = CARPET
```

उभ्या शब्दांत मात्र वर असलेले अक्षर आधी वाचले जाते, त्यामुळे तिथे ‘ऑन’चा अर्थ शब्दशः ‘वर’, म्हणजे आधी, असा होतो. सगळीच वृत्तपत्रे हा भेद काटेकोरपणे पाळत नाहीत, म्हणून एका क्रमाने जुळले नाही तर दुसऱ्याही क्रमाने पाहावे.

‘इन’ कधी इंडिकेटर असतो आणि कधी नुसता दुवा?

नुसता शब्द पाहून हे ठरवता येत नाही. दोन्ही बाजूंना काय उरते ते पाहावे लागते.

```
Main boy in summer, say (6)
```

‘इन’मुळे दडलेला शब्द शोधायचा मोह होतो. पण त्याच्यानंतरच्या ‘समर से’ या अक्षरांत ‘मेन बॉय’ या अर्थाचे काहीही सापडत नाही. ‘से’ पाहून उच्चारसाम्याचा निर्देश वाटू शकतो, कारण अनेक सूत्रांत तो ते काम करतो. येथे मात्र त्याचा अर्थ ‘उदाहरणार्थ’ असा आहे: उन्हाळा हे ज्याचे उदाहरण आहे ते. उदाहरण देऊन व्याख्या केली असेल तर तशी कबुली देणारा ‘से’, ‘पर्हॅप्स’ किंवा प्रश्नचिन्ह जोडण्याची पद्धत आहे. ‘मेन’ म्हणजे समुद्र, हा जुना काव्यातला अर्थ क्रिप्टिक कोड्यांत रोज भेटतो.

```
SEA + SON = SEASON
```

‘इन’ने येथे शब्दखेळ आणि व्याख्या यांना सांधण्यापलीकडे काही केले नाही. ‘फॉर’, ‘फ्रॉम’, ‘इज’, ‘गेट्स’, ‘टू’ हेही असेच दुवे होऊ शकतात. संबंधदर्शक ॲपॉस्ट्रॉफी-एस तर दुवा असू शकतो किंवा अक्षरांच्या मोजणीत एक एस वाढवू शकतो. वरच्या गालिच्याच्या सूत्रात तो दुवा होता.

विरामचिन्हे आणि मोठी अक्षरे विचारात घ्यावीत का?

स्वल्पविराम शक्यतो विसरावेत. ते वरवरच्या अर्थासाठी असतात आणि अनेकदा खऱ्या छेदापासून लक्ष दूर नेतात. मोठ्या अक्षरांबाबत रूढ संकेत एकतर्फी आहे: सामान्य नामाला फसवण्यासाठी मोठे अक्षर दिलेले चालते, पण विशेषनामाचे मोठे अक्षर काढून घेतलेले चालत नाही.

ही पद्धत कोणत्या सूत्रांना लागू पडत नाही?

काही सूत्रांत दोन्ही भाग व्याख्याच असतात आणि शब्दखेळ नसतो. काही सूत्रे म्हणजे एकच वळसेदार व्याख्या असते. क्वचित संपूर्ण सूत्र एकाच वेळी व्याख्याही असते आणि शब्दखेळही. तेव्हा छेद घ्यायला जागाच नसते. सगळे छेद फसले तरच या शक्यतांकडे वळावे.

उत्तर सुचले, पण शब्दखेळ उलगडला नाही. ते लिहावे का?

लिहावे, पण पेन्सिलीने. व्याख्येवरून सुचलेले उत्तर बरोबर वाटते आणि आडव्या-उभ्या अक्षरांतही बसते. तरीही एखादा समानार्थी शब्द तितक्याच अक्षरांचा असू शकतो. खात्री करायची असेल तर सूत्रातील प्रत्येक शब्दाला व्याख्या, इंडिकेटर, अक्षरे किंवा दुवा यांपैकी एक काम नेमून द्यावे. एखादा शब्द बेकार राहिला, किंवा एकाच शब्दाला दोन कामे द्यावी लागली, तर उत्तराविषयी शंका घ्यावी. व्याकरणाचा मेळही पाहावा: व्याख्या अनेकवचनी असेल तर उत्तर अनेकवचनी हवे, भूतकाळी क्रियापद असेल तर उत्तरही भूतकाळी हवे.

अशी सूत्रे मराठीत रचता येतात का?

येतात, आणि शॅरेड व दडलेला शब्द हे दोन प्रकार मराठीला छान मानवतात.

```
विहीर आणि होडी मिळून कुळाची ओळख (४)
एक मलम लपवते फूल (३)
उसळलेल्या गरम पाण्यातील शिकारी (३)
```

पहिल्यात आड आणि नाव जोडून आडनाव होते. ‘मिळून’ हा दुवा आहे. दुसऱ्यात ‘लपवते’ या इंडिकेटरने सांगितल्याप्रमाणे ‘एक मलम’मधून कमळाचे संस्कृत रूप, कमल, बाहेर येते. तिसऱ्यात ‘गरम’ पाण्याचे विशेषण वाटते, पण छेद त्या दोन शब्दांमध्ये आहे: ‘उसळलेल्या’ने ‘गरम’ची अक्षरे ढवळली की मगर मिळते.

ॲनाग्रॅमला मात्र मराठीत एक अडचण आहे. येथे मोजायचे एकक म्हणजे काना, मात्रा, वेलांटीसह पूर्ण अक्षर. ‘गरम’ आणि ‘मगर’ यांत मात्रा नसल्यामुळे प्रश्न उद्भवला नाही. ‘नवरा’ आणि ‘वानर’ यांत व्यंजने तीच आहेत, पण काना ‘र’वरून ‘व’वर गेला आहे. पूर्ण अक्षर हे एकक मानले तर हा ॲनाग्रॅम होत नाही. व्यंजन आणि मात्रा वेगळी मोजली तर होतो. माझा कौल पहिल्या नियमाला आहे, कारण चौकटीच्या एका घरात मात्रेसह अक्षर लिहिले जाते आणि आडव्या शब्दातले अक्षर उभ्या शब्दातही मात्रेसह जसेच्या तसे बसावे लागते. कोडेकाराला दुसरा नियम वापरायचा असेल तर त्याने तसे कोड्याच्या वर स्पष्ट छापावे.